बाई निवडणुकीत 'धावली'! – 'रन'चं मराठीत करायचं काय?

ओढ्याकाठची

नमस्कार मंडळी. एका मासिकासाठी इंग्रजी परिचयलेख मराठीत आणते आहे आणि एका परिच्छेदात पार अडकले आहे.

लेख अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका खेड्याचा. तिथे पाण्याच्या चाकावर फिरणारी जुनी दगडी गिरणी आहे आणि ती सांभाळणारी एक बाई. मूळ लेखकाने एकाच परिच्छेदात 'रन' हे क्रियापद सात वेळा आणलंय, आणि ते मुद्दामच. बाई गिरणी 'रन' करते. गिरणी ओढ्याच्या पाण्यावर 'रन' होते. ओढा गावामागून 'रन' होतो आणि ऑगस्टमध्ये पाणी 'लो रन' होतं. दगड रिकामे 'रन' होऊ द्यायचे नाहीत, हा तिचा दंडक. आधी तिने शेजाऱ्याची निवडणूक मोहीम 'रन' केली, मग गावचा कारभार पाहणाऱ्या सिलेक्टबोर्डासाठी स्वतःच 'रन' झाली. दोनदा हरली, तिसऱ्यांदा समोर कुणी नव्हतं.

माझा पहिला खर्डा असा होता:

"बाई गिरणी चालवते. गिरणी पाण्यावर चालते. ओढा गावामागून धावतो आणि ऑगस्टमध्ये कमी धावतो. ती दगड रिकामे चालू देत नाही. तिने शेजाऱ्याची मोहीम चालवली आणि मग ती स्वतः निवडणुकीत धावली."

संपादकांनी शेवटच्या शब्दाभोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलंय, "कुठे?"

हसा, पण मदतही करा.

फुलटॉस

बाईंच्या सात धावा झाल्या की. अजून एक चौकार मारला तर दुहेरी आकडा.

निखिल_कोडवाला

एवढं अवघड नाहीये. मी कंपनीच्या ॲपचं मराठीकरण केलंय, त्यात हा शब्द शंभर वेळा येतो. नियम सोपा: आपण करतो तेव्हा 'चालवणे', आपोआप होतं तेव्हा 'चालणे'. `Run` बटणाला आम्ही 'चालवा' दिलं. निवडणुकीला 'लढवणे'. संपलं. तुमचा खर्डा शेवटचं वाक्य सोडून बरोबरच आहे.

कोपऱ्यातला म्हातारा

निखिलराव, निम्मं बरोबर. बटणावर 'चालवा' ठीक. पण बटण दाबल्यावर पडद्यावर `Running` येतं, तिथे काय दिलंत?

निखिल_कोडवाला

'चालत आहे'. 🙂 वापरणाऱ्यांनी विचारलं, कुठे चाललंय? मग 'सुरू आहे' केलं.

कोपऱ्यातला म्हातारा

तेच म्हणतोय. पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात तारा आणि नंतर एजन्सीच्या बातम्या मराठीत केल्या, त्यावरून सांगतो. मराठीत 'मोटार चालते' म्हणजे तिच्यात बिघाड नाही, ती कामाची आहे. 'मोटार चालू आहे' म्हणजे या क्षणी ती घुरघुरते आहे. आणि 'चालली' म्हटलं की ती दाराबाहेर निघालीच. इंग्रजीला या तिन्हींसाठी एकच शब्द पुरतो, आपल्याला नाही. म्हणून नुसतं 'आपण करतो की आपोआप होतं' एवढं बघून भागत नाही. ते यंत्र काम करू शकतं असं सांगायचंय, की ते आत्ता करतंय असं, हेही बघावं लागतं.

बरं, ओढ्याकाठची ताई, आधी एक सांगा. गिरणी बाईच्या मालकीची आहे का?

ओढ्याकाठची

नाही काका. गिरणी गावच्या इतिहास मंडळाची आहे. बाई पगारी नाही, पण किल्ली तिच्याकडे, हिशेब तिच्याकडे, शाळेच्या सहली आल्या की दाखवायचं तिनेच. दळायला मात्र एक तरुण मुलगा ठेवलाय. त्याचा काही फरक पडतो?

कोपऱ्यातला म्हातारा

सगळा फरक तिथेच पडतो. "बाई गिरणी चालवते" असं वाचलं की माझ्यासमोर डोक्याला फडकं बांधलेली, पिठाने पांढरी झालेली बाई उभी राहते. डबा लावते, पट्टा चढवते, दळून देते. नाहीतर दुसरा अर्थ, गिरणीवर तिचं पोट आहे. आपल्याकडे 'मेस चालवते', 'खानावळ चालवते' म्हटलं की तो तिचा धंदा असतो. तुमच्या बाईचं यातलं काहीच नाही.

घराघरांत यासाठी साधा शब्द आहे, 'बघणे'. दुकान थोरला बघतो, शेती धाकटा बघतो. किंवा 'गिरणीचा सगळा कारभार तिच्याकडे आहे'. मी 'गिरणीचं सगळं तीच बघते' लिहीन. 'व्यवस्थापन करते' लिहू नका, गिरणीला लगेच कॅबिन आणि फिरती खुर्ची येते.

आणि 'घर चालवणे' तर आणखी वेगळं. इंग्रजीत बाई घर 'रन' करते म्हणजे ती घरचं सगळं पाहते. मराठीत 'ती घर चालवते' म्हणजे तिच्या कमाईवर चूल पेटते. मी नोकरीत नवा असताना एका मोठ्या बाईंच्या निधनाच्या बातमीत हा घोळ घातला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांचा फोन आला होता. आवाज अजून कानात आहे.

बेळगावची माई

म्हातारबाबांशी सहमत. मी ओढ्याचं बोलते, कारण 'धावतो' मला फारच खटकलं.

आमच्या घराच्या परड्यामागून नाला जातो. वर्षाचे बारा महिने जातो. वाहतो मात्र जूनपासून चार महिने, फार तर पाच. मे महिन्यात पोरं त्यात क्रिकेट खेळतात, तरी नाला घरामागूनच जातो. म्हणजे वाट सांगायची असेल तर 'जातो' आणि पाणी सांगायचं असेल तर 'वाहतो'. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात कोंबलंय. तुमच्या लेखात गावामागून 'रन' होतो तिथे 'ओढा गावामागून जातो'. आणि ऑगस्टमध्ये 'पाणी उतरतं' किंवा 'धार बारीक होते'. 'आटतो' नको, आटला म्हणजे तळ दिसला.

ओढ्याकाठची

माई, 'धार बारीक होते' झकास! आटत नाहीच तो, नुसतं चाक फिरण्याइतकं पाणी राहत नाही. पण ऑगस्टमध्ये पाणी कमी, हे आपल्या वाचकाला उलटं वाटेल ना? आपल्याकडे ऑगस्टमध्ये नाले फुगलेले असतात.

बेळगावची माई

मग "उन्हाळा सरता सरता, ऑगस्टमध्ये" असं लिहा. तिकडे तो उन्हाळ्याचा शेवट, एवढं कळलं की पुरे.

वाघोलीचा पंक्या

मग 'धावणे' फक्त माणसांनाच का? रेल्वे स्टेशनवर रोज ऐकतो, "गाडी वीस मिनिटे उशिराने धावत आहे".

कोपऱ्यातला म्हातारा

गाड्यांना ते चिकटलंय आणि शोभतंही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 'धावली' असंच आपण लिहितो, कुणी भुवई उंचावत नाही. 'गणपतीला जादा गाड्या धावणार' हा मथळा मी स्वतः कितीदा दिला असेल. पण ही छापील आणि घोषणेची मराठी झाली. फलाटावरचा माणूस बायकोला "गाडी उशिरा धावतेय" म्हणत नाही, "गाडी लेट आहे" म्हणतो. आणि "दर वीस मिनिटांनी बस धावते" पेक्षा "दर वीस मिनिटांनी बस असते" हेच बरं.

पंपवाला_सांगली

धागा वाचला. माझं दुकान पाण्याच्या मोटारींचं, त्यामुळे मला हा शब्द पैसे घालून भेटतो.

एका कंपनीच्या मोनोब्लॉकबरोबर मराठी माहितीपत्रक आलं होतं. नाव घेत नाही. त्यात लिहिलं होतं: "पंपाची रंगीत तालीम करू नये." दोन दिवस आम्ही दुकानात हसत होतो. मूळ शब्द 'ड्राय रन'. ज्याने भाषांतर केलं त्याने ऑफिसातला अर्थ उचलला, आधी करून बघण्याचा. पंपाच्या भाषेत ड्राय रन म्हणजे पाणी नसताना मोटार चालू राहणं.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही पण ते. पंपाच्या आतल्या सीलला गारवा आणि वंगण दोन्ही पाण्याचंच. विहिरीचं पाणी फूटवॉलच्या खाली गेलं किंवा पाइपात हवा धरली की मोटार फिरत राहते, पाणी येत नाही, आणि सील तापून जातं. बोअरमधल्या मोटारीचं तर अख्ख्या मोटारीला गार ठेवतं ते भोवतालून जाणारं पाणी. शेतकऱ्याला कळतं ते आवाजावरून, मोटारीचा आवाज हलका होतो. पॅनेलला कळतं ते ॲम्पिअरवरून. पाणी उचलायचं नसलं की भार उतरतो, ॲम्पिअर खाली येतात आणि रिले मोटार बंद करतो. त्या रिलेच्या पानावरही लिहिलं होतं "रंगीत तालीम संरक्षण"!

आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, "मोटार कोरडी चालवू नका." नाहीतर सरळ 'ड्राय रन'. गावातल्या म्हाताऱ्यालाही कळतं.

माझा मूळ प्रश्न राहिलाच. सबमर्सिबलची वॉरंटी असताना ड्राय रनमुळे वायंडिंग जळालं तर कंपनी...

फुलटॉस

पंपवाले काका, वॉरंटीचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे धागाच कोरडा चालू राहील.

ओढ्याकाठची

नाही नाही, काकांनी माझं मोठं काम केलं. माझं पाचवं 'रन' हेच तर आहे! दगड रिकामे 'रन' होऊ द्यायचे नाहीत. मी 'रिकामे चालू देत नाही' लिहिलं होतं आणि काहीतरी खुपत होतं.

बेळगावची माई

दगड चालत नाहीत बाई, फिरतात. आमची आजी जात्यावर बसली की आधी मूठभर दाणे वैरायची आणि मगच खुंट्याला हात. रिकामं जातं फिरवलं की ओरडायची. अपशकुन वगैरे म्हणायची, पण खरं कारण साधं होतं. मध्ये दाणा नसला की दगडाला दगड घासतो, टाकीचे घाव झिजतात आणि पिठात कच येते. मग पाथरवटाला बोलावून पुन्हा टाकी लावून घ्या.

तेव्हा "जातं रिकामं फिरू देत नाही". आणि पाण्यावरच्या गिरणीत हे जास्तच जपावं लागत असणार. हाताचं जातं थांबवलं की थांबतं, पाणी काही आपलं ऐकत नाही.

जुना_औरंगाबादी

ओढ्याकाठची, तुम्ही 'पाण्यावरची गिरणी' का म्हणताय? 'पाणचक्की' हा अख्खा शब्द आहे की. आमच्या शहरात बाबा शाह मुसाफिर दर्ग्याच्या आवारात पाणचक्की आहे. दुरून मातीच्या नळांतून पाणी आणलं, ते उंचावरून हौदात पडतं. लहानपणी शाळेची सहल तिथेच. मास्तर म्हणायचे, "चक्की पाण्यावर फिरते." 'चालते' कधी म्हणाल्याचं आठवत नाही.

ओढ्याकाठची

हो की! 'पाणचक्की' घेते. 'गिरणी' म्हटलं की मुंबईच्या वाचकाला गिरणगावच आठवायचं.

पण 'पाण्यावर फिरते' की 'पाण्यावर चालते'?

निखिल_कोडवाला

इथे तरी 'चालते' द्या! ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, घड्याळ सेलवर चालतं. कशावर चालतं ते सांगायचं असेल तर 'चालणे' चपखल आहे.

कोपऱ्यातला म्हातारा

हे निखिलरावांचं मान्य. पाणी की वीज हा मुद्दा असेल तर 'चालते'. चाक डोळ्यांना दाखवायचं असेल तर 'फिरते'. मूळ लेखात पुढच्या वाक्यात विजेचा उल्लेख आहे का, ते बघा.

ओढ्याकाठची

आहे. "मोटार बसवा असं लोकांनी सुचवलं, बाईने ऐकलं नाही." म्हणजे 'चालते'.

आता निवडणूक. संपादकांचा लाल गोल.

वाघोलीचा पंक्या

निवडणूक लढली. सिंपल.

कोपऱ्यातला म्हातारा

'लढली' नव्हे, 'लढवली'. किल्ला लढवतात तशी निवडणूक लढवतात, पक्ष जागा लढवतात. 'निवडणूक लढणे' हे 'चुनाव लड़ना'चं सावत्र भावंड आहे.

वाघोलीचा पंक्या

काका, रोजच्या पेपरात 'निवडणूक लढणार' असतं. भाषा बदलते.

कोपऱ्यातला म्हातारा

बदलते. मला बदलायची नाही.

पण या बाईच्या बाबतीत मी 'लढवली'ही घेणार नाही. इंग्रज निवडणुकीला 'स्टँड' होतो, अमेरिकन 'रन' होतो. आपण उभे राहतो, म्हणजे या एका बाबतीत आपलं लंडनशी जमतं. शिवाय आपल्याकडे उभ्या राहिलेल्याचं पुढे काय होतं तेही त्याच चित्रात बसलंय, तो एक तर निवडून येतो नाही तर पडतो. "दोनदा उभी राहिली, दोनदा पडली." इतकं नेटकं वाक्य इंग्रजीला जमणार नाही. 'लढवणे'ला सभा, झेंडे, तिकीट, पक्ष असा सगळा लवाजमा लागतो. खेड्यातल्या बोर्डाला 'उभी राहिली' पुरे.

आणि शेजाऱ्याची मोहीम तिने 'चालवली' नाही. मोहीम चालवतात ती एखाद्या प्रश्नावर, दारूबंदीची, स्वच्छतेची. निवडणुकीत आपण 'प्रचार' म्हणतो. "शेजाऱ्याच्या प्रचाराचं सगळं तिनेच पाहिलं होतं."

बेळगावची माई

'पडली' जरा उघडं वाटतं हो छापील लेखात. बाईंना कुणी वाचून दाखवलं तर?

कोपऱ्यातला म्हातारा

पडलेल्या माणसाला आपल्याकडे पडलेलाच म्हणतात, माई. पण ठीक, 'हरली' म्हणा.

ओढ्याकाठची

आणि तिसऱ्यांदा "बिनविरोध निवडून आली", बरोबर ना?

न्यूजर्सीची_वसुधा

थांबा, इथे चकवा आहे. मी व्हरमाँटची नाही, पण अमेरिकेत वीस वर्षं मत देते आहे.

आपल्याकडे 'बिनविरोध' म्हणजे अर्ज मागे घ्यायची मुदत संपली, एकच नाव उरलं, निवडणूक अधिकाऱ्याने जाहीर केलं, गुलाल. मतदान होतच नाही. आमदार-खासदारांसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ५३ मध्ये हेच आहे. इथे सहसा तसं नसतं. समोर कुणी नसलं तरी मतपत्रिकेवर ते एकटं नाव छापलेलं असतं आणि खाली एक कोरी ओळ, तिथे तुम्ही हवं ते नाव हाताने लिहू शकता. लोक जाऊन मत देतात.

शिवाय व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. काही गावं सिलेक्टबोर्डाचे सदस्य त्या सभेतच निवडतात, काही गावं मतपत्रिकेने. तुमच्या बाईच्या गावात काय झालं ते मूळ लेखात आहे का?

ओढ्याकाठची

एवढंच आहे की तिला १४२ मतं पडली, आणि ११ जणांनी तिच्या कुत्र्याचं नाव लिहिलं.

फुलटॉस

मग बिनविरोध कसली! कुत्रा होता की विरोधात.

न्यूजर्सीची_वसुधा

😄 म्हणजे मतपत्रिका होती. 'बिनविरोध' लिहिलंत तर पुढच्या वाक्यातली १४२ मतं कुठून आली असं वाचक विचारेल. "तिसऱ्यांदा तिच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. तरी मतदान झालं" असं फोडून लिहा.

निखिल_कोडवाला

सिलेक्टबोर्डला 'ग्रामपंचायत' करा ना, लोकांना पटकन कळेल.

न्यूजर्सीची_वसुधा

नको. सरपंच, उपसरपंच, आरक्षण असं सगळं मागोमाग येतं डोक्यात. तीन किंवा पाच जणांचं मंडळ असतं ते. 'गावचं सिलेक्टबोर्ड' ठेवा आणि एकदा 'गावकारभाराचं मंडळ' म्हणा.

बेळगावची माई

माझ्या मते 'पंचायत' चालेल. 'ग्राम' गाळा फक्त. पंच मंडळी बसतात तीच पंचायत, कायद्याच्या आधीपासून.

ओढ्याकाठची

यावर संपादकांना विचारते. आत्तापर्यंतचं जोडून पाहिलं:

"पाणचक्कीचं सगळं तीच बघते. चक्की अजून पाण्यावरच चालते. मोटार बसवा असं लोकांनी सुचवून पाहिलं, तिने ऐकलं नाही. ओढा गावामागून जातो. उन्हाळा सरता सरता, ऑगस्टमध्ये, त्याची धार बारीक होते आणि चाक थांबतं. पाणी असलं तरी दाणे वैरल्याशिवाय ती जातं फिरू देत नाही. एका शेजाऱ्याच्या प्रचाराचं सगळं तिने पाहिलं होतं. पुढे सिलेक्टबोर्डासाठी ती स्वतःच उभी राहिली. दोनदा हरली. तिसऱ्यांदा तिच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. तरी मतदान झालं."

सात 'रन'ची सहा-सात वेगळी क्रियापदं झाली. लेखकाचा खेळ गेला, पण वाक्यं मराठी झाली.

कोपऱ्यातला म्हातारा

'बघते' आणि 'पाहिलं होतं' जवळजवळ आलेत, तेवढी पुनरुक्ती राहू द्या. मूळ लेखकाच्या खेळाची तेवढी तरी खूण उरेल.

ओढ्याकाठची

एक शेवटचं. लेखाचं शीर्षकही त्याच शब्दावर आहे. अर्थ साधारण असा, की चक्कीही अजून 'रनिंग' आणि बाईही. मला 'अजून चालू आहे' सुचलं होतं.

फुलटॉस

ताई, बाईचा फोटो आणि वर 'अजून चालू आहे'?? अब्रुनुकसानीचा दावा येईल.

बेळगावची माई

अगं बाई! नको नको. 'अजून फिरते आहे' पण नको, तेही तसलंच.

जुना_औरंगाबादी

'अजून उभी'. दीडशे-दोनशे वर्षांची इमारत अजून उभी, आणि बाई निवडणुकीला उभी. तुमचा खेळ परत आला की!

ओढ्याकाठची

वा! हे घेतलंच.

पंपवाला_सांगली

घेऊ नका. आमच्याकडे 'गाडी उभी आहे', 'मशीन उभं आहे' म्हणजे बंद पडलंय. मेकॅनिकची वाट बघतंय. उभी चक्की म्हणजे बंद चक्की.

जुना_औरंगाबादी

ऑगस्टमध्ये बंदच असते की ती.

कोपऱ्यातला म्हातारा

अंक कधी निघतोय?

ओढ्याकाठची

सप्टेंबरात.